फुटलेल्या बांधाचा हिशेब

पावसाळ्यात गोव्यातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते: अमुक गावात बांध फुटला, खारं पाणी शेतात घुसलं, इतके शेतकरी हवालदिल. फोटोही ठरलेला असतो. गुडघाभर पाण्यात उभे चार लोक आणि मागे मातीच्या बांधाला पडलेली खांड. खाली प्रतिक्रियाही ठरलेल्या. कोणी सरकारला शिव्या घालतो, कोणी "आपल्या लोकांत एकी नाही" म्हणून मोकळा होतो.

माझ्या मामाचं तिसवाडीत खाजनात शेत आहे. त्या बांधासाठी वर्गणी गोळा करायला मी एका वर्षी त्याच्याबरोबर दारोदार हिंडलो होतो. दहा घरांपैकी सहा-सात घरांत एकच उत्तर मिळालं, तेही हसत हसत: "आदीं तूं घाल, मागीर हांव पळयतां." म्हणजे आधी तू घाल, मग मी बघतो. यातलं कोणी वाईट माणूस नव्हतं. चहा सगळ्यांनी पाजला. बांध सगळ्यांना हवाच होता, आणि तरी पैसे जमले नाहीत. हे असं का होतं, याचं अर्थशास्त्रात एक साधं आणि थोडं अस्वस्थ करणारं उत्तर आहे.

बांध नेमकं काय करतो

ज्यांनी खाजन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मांडवी आणि झुवारीच्या मुखाजवळ समुद्राचं पाणी भरतीबरोबर नदीतून मैलोन्‌मैल आत येतं. काठची सखल जमीन पूर्वी तिवरांची दलदल होती. कित्येक शतकांपूर्वी लोकांनी बांध घालून ती नदीपासून तोडली आणि तिथे भात पिकवलं. गोव्यात अशी खाजनं सुमारे 18,000 हेक्टर असल्याचं सांगितलं जातं. यातली बरीच शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. उधाणाच्या वेळी बांधावर उभं राहिलं तर एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला शेत दिसतं, आणि नदी चक्क वर असते.

बांध माती, गवताचा पेंढा, बांबू आणि चिरे यांचा. त्यात एका जागी मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. मानशीच्या लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरती चढू लागली की बाहेरचं पाणीच त्या दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना पंप. भात कापल्यावर मुद्दाम खारं पाणी आत घेतात. त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि शेवटे, काळुंद्र असे मासे आत येतात आणि मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की ओहोटीला हाती लागतात. पुढे मृगाच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघतं आणि कोरगुटासारखं खारेपण सोसणारं भात पेरलं जातं. वर्षभराचं हे सगळं चक्र एका मातीच्या भिंतीवर उभं आहे.

"सार्वजनिक" म्हणजे सरकारी नव्हे

अर्थशास्त्रात "सार्वजनिक वस्तू" म्हणतात ती सरकारची असायलाच हवी असं नाही. ती दोन कसोट्यांवर ठरते. पहिली: जो पैसे देत नाही त्याला तिच्या लाभातून वगळता येतं का? दुसरी: एकाने लाभ घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याचा लाभ कमी होतो का? दोन्हींचं उत्तर "नाही" आलं की ती सार्वजनिक वस्तू.

फेरीबोट घ्या. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या साध्या फेरीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ती "सार्वजनिक" वाटते. पण या व्याख्येत ती बसत नाही. तोंडाशी साखळी लावून माणूस अडवता येतो, आणि बोट भरली की तुमच्या स्कूटरला जागा उरत नाही. ती फुकट आहे कारण सरकारने तसं ठरवलं.

बांधाचं तसं नाही. बांध धड असेल तर आतली सगळी शेतं कोरडी राहतात, वर्गणी दिलेल्याचंही आणि न दिलेल्याचंही. पाण्याला तुम्ही सांगू शकत नाही की शेताच्या या तुकड्यात, या कुणग्यात शिर, त्यात शिरू नको. आणि माझं शेत वाचलं म्हणून शेजाऱ्याच्या शेताचं संरक्षण घटत नाही. मानशीत सापडलेली मासळी मात्र याच्या अगदी उलट. ज्याचं जाळं त्याची सुंगटं, आणि त्याने घेतली ती मला मिळायची नाहीत. एकाच बांधात या दोन स्वभावांच्या वस्तू शेजारी शेजारी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट यावरच फिरते.

चार हजारांचं गणित

आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत, पण गणिताचा घाट खराच आहे. एका खाजनात 80 कुणगे आहेत, प्रत्येक 4,000 चौरस मीटरचा. नदीकडचा बांध एक किलोमीटर. खारं पाणी आलं नाही तर प्रत्येक कुणग्यामागे हंगामाला 10,000 रुपये सुटतात. बांधाच्या दुरुस्तीचा खर्च 3 लाख 20 हजार, म्हणजे कुणग्यामागे 4,000. चार हजार घालून दहा हजार वाचतात, आणि सगळ्यांचे मिळून आठ लाख. यापेक्षा सरळ व्यवहार कुठला?

आता एका कुणग्याच्या मालकाच्या जागी बसा. बाकीच्या 79 जणांनी पैसे दिले असं समजा. त्याचे चार हजार नसले तरी एवढ्या मोठ्या रकमेत काम अडत नाही. न देता त्याला पूर्ण दहा हजार मिळतात, देऊन सहा. उलट, बाकीच्यांनी दिलेच नाहीत असं समजा. मग त्याचे चार हजार पाच-पन्नास टोपल्या मातीत जातात आणि बांध फुटायचा तो फुटतोच. म्हणजे इतरांनी काहीही केलं तरी न देण्यात त्याचे चार हजार वाचतात. हा विचार 80 जण आपापल्या पडवीत बसून करतात आणि बांध फुटतो.

दुसऱ्यांच्या खर्चावर लाभ घेणाऱ्याला अर्थशास्त्रात "फुकट प्रवासी" म्हणतात. शब्द जरा शिवीसारखा लागतो आणि तिथेच गल्लत होते. "लोक स्वार्थी झाले" हे निदान इथे अपुरं आहे. वरच्या गणितातला माणूस लबाड असण्याची गरजच नाही. बाकीचे देतील याची खात्री नसलेला साधा सावध माणूसही तेच करील. मामाबरोबर फिरताना मला भेटलेले बहुतेक या दुसऱ्या जातीचे होते.

मग बाजार काहीच करत नाही का?

करतो, पण कमी करतो, आणि हा "कमी" शब्द महत्त्वाचा आहे. समजा 80 पैकी 10 कुणगे एकाच भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, आहेत. त्याचा स्वतःचा लाभ एक लाखाचा. बांधाला एक मोठं भगदाड पडलंय आणि ते बुजवायला 25,000 लागतात. तो कोणाची वाट न बघता स्वतः माणसं लावून बुजवील, आणि उरलेले 70 कुणगे फुकटात वाचतील. गावोगावी हे घडतं. ज्याचं जास्त अडतं तो जास्त भरतो आणि लहान वाटेकरी त्याच्या आडोशाला राहतात.

पण पुढचं पाऊल बघा. बांधाला नदीकडून चिऱ्यांची भिंत बांधली तर तो बरीच वर्षं टिकेल. त्याला आणखी एक लाख लागतात आणि धोका कमी झाल्याने प्रत्येक कुणग्यामागे 2,000 वाचतात. भाटकाराचा वाटा वीस हजारांचा, मग लाख रुपये तो कशाला घालील? पण सगळ्या 80 कुणग्यांचा लाभ एकत्र केला तर तो 1 लाख 60 हजार होतो, खर्चाच्या दीडपटीहून जास्त. काम व्हायला हवं होतं, झालं नाही.

1954 साली पॉल सॅम्युएलसन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हेच गणिती भाषेत मांडलं. एक किलो तांदळाला किती किंमत द्यावी हे ठरवताना फक्त घेणाऱ्याचा लाभ बघायचा, कारण खाणारा तोच. बांधाच्या एका थरावर किती खर्च करावा हे ठरवताना मात्र त्याच्या आडोशाला असलेल्या सगळ्यांचे लाभ बेरजेत घ्यायचे. बाजारात प्रत्येकजण फक्त आपला आकडा बघून पैसे काढतो आणि ही बेरीज कोणीच करत नाही. म्हणून ठिगळं लागतात, चिऱ्यांची भिंत बांधली जात नाही.

बांधाला आणखी एक खोड आहे. वर्गणीत दहा टक्के तूट आली तर बांध दहा टक्के कमी उपयोगी होत नाही. सर्वांत कच्च्या जागेइतकाच तो पक्का. जॅक हर्श्लायफर या अर्थशास्त्रज्ञाने 1983 मध्ये हे समजावायला एक काल्पनिक बेट घेतलं होतं: प्रत्येकाच्या वाट्याला किनाऱ्याचा एक तुकडा, प्रत्येकाने आपल्यापुढे बांध घालायचा, आणि बेट वाचणार की नाही हे सर्वांत बुटक्या बांधावर ठरणार. त्याचं म्हणणं असं की अशा ठिकाणी फुकटेपणा उलट थोडा आवरतो, कारण हयगय केली की स्वतःचंच शेत बुडतं. दिवाडी-चोडणसारख्या बेटांवरच्या माणसाला हे काल्पनिक वाटणार नाही. मामा बांधावरून चालताना कुर्ल्यांची बिळं शोधत जातो. बिळाच्या आतल्या तोंडाशी ओल दिसली की समजायचं, पाण्याने वाट काढली आहे. बोटाएवढं बीळ पुढच्या उधाणापर्यंत हातभर होतं. एकदा तो दुसऱ्याच्या शेतापुढचं बीळ चिखलाने बुजवून वर पाय देत होता. मालक आखातात. मी विचारलं, हे तू का करतोस? "पाणी काय एक-चौदाचा उतारा बघून आत येतं?" एक-चौदा म्हणजे आमच्याकडचा सातबारा.

पण हर्श्लायफरच्या बेटावर सगळ्यांना जमीन कोरडी हवी असते. ती अट मोडली तर काय, ते पुढे येतंच.

"कंपनीला देऊन टाका ना"

ही सूचना हल्ली प्रत्येक बैठकीत येते. द्यायला हरकत नाही, पण कंपनी पैसे कोणाकडून घेणार? न देणाऱ्याला वगळता आलं तरच वसुली होते. वगळायचंच म्हटलं तर प्रत्येक कुणग्याला चारही बाजूंनी स्वतंत्र बांध घालावा लागेल. 4,000 चौरस मीटरच्या कुणग्याचा घेर साधारण 250 मीटर. असे 80, म्हणजे 20 किलोमीटर बांध. शेजाऱ्यांनी भिंत वाटून घेतली तरी दहा. आज एका किलोमीटरमध्ये भागतंय. शिवाय प्रत्येकाला वेगळी मानस आणि वेगळा पाट. बाजाराला हे अशक्य नाही, फक्त कोणी शहाणा माणूस ते विकत घेणार नाही.

यावर जाणकार लोक दीपगृहाचं उदाहरण काढतात. आग्वादचं जुनं दीपगृह 1864 चं. त्याचा उजेड पैसे भरलेल्या जहाजालाच दिसावा अशी सोय कोणी केली नव्हती, म्हणून दीपगृह हे सार्वजनिक वस्तूचं पाठ्यपुस्तकी उदाहरण मानलं जायचं. 1974 मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी दाखवलं की इंग्लंडात कित्येक दीपगृहं खाजगी लोकांनी बांधली आणि चालवली. खरं आहे. पण त्यांचं शुल्क वसूल व्हायचं बंदरात, आणि ते घ्यायचा हक्क राजसत्तेने दिलेला होता. आपल्याकडेही 1927 च्या कायद्याने दीपशुल्क बंदरात येणाऱ्या जहाजांवरच बसवलं. उजेड अडवता येत नाही, धक्का अडवता येतो. खाजगी माणूस सार्वजनिक वस्तू पुरवू शकतो, पण ज्याला अडवता येतं अशा कशाशी तरी ती बांधावी लागते आणि ती गाठ टिकवणारी सत्ता मागे लागते.

"पण पूर्वी चालायचं की"

चालायचं, आणि ते का चालायचं हे नीट पाहिलं तर "पूर्वीचे लोक भले होते" यापेक्षा बरंच काही हाती लागतं.

गावची जमीन गांवकरीची, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेची होती. तिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. तिच्या रीती 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, त्यांनी लिहूनही काढल्या. शेतं पावणी करून, म्हणजे लिलावाने, कसायला दिली जात. मानशीतल्या मासळीचीही पावणी होई. हे सगळं उत्पन्न आधी गांवकरीच्या पेटीत यायचं. त्यातून बांध, मानस, देवस्थान यांचा खर्च निघायचा आणि उरेल ते गांवकारांना झोण म्हणून वाटलं जायचं.

इथे कोणी दारोदार वर्गणी मागायला जात नव्हता. बांधाचा पैसा वाटणीच्या आधीच कापला जाई, त्यामुळे "आदीं तूं घाल" म्हणायला जागाच नव्हती. आणि मासळी, जी अडवता येते, विकता येते, ती बांधाच्या खर्चाला जुंपलेली होती. आग्वादच्या उजेडाला बंदराचा धक्का, तशी बांधाला मानस. शिवाय बांध ढासळला तर पुढच्या पावणीत शेताचा भाव पडणार आणि झोण घटणार, हे प्रत्येक गांवकाराला कळत होतं.

गावांनी स्वतःच्या नियमांनी अशा गोष्टी सांभाळल्याची जगभरची उदाहरणं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासली आणि 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. गांवकार म्हणजे अख्खं गाव नव्हे. चिखलात राबणारी कुळं झोणाच्या यादीत नसायची.

मासळी भाताहून महाग झाली तेव्हा

1964 चा कूळकायदा आणि पुढे 1976 ची दुरुस्ती यांनी कसणारा मालक झाला. व्हायलाच हवा होता. पण त्याबरोबर बांधाची जबाबदारी गांवकरीकडून कुळांच्या संघांकडे आली. त्यासाठी 1975 चे नियम आहेत, मामलेदाराची देखरेख आहे, आणि मानशीच्या पावणीचा पैसा संघाकडे यावा, त्यातून बांध राखावा ही कल्पनाही आहे. कागदावर जुनी गाठ शाबूत आहे.

मोडली ती दुसरीकडून. जमिनीचे तुकडे पडले, वारस मुंबईत, आखातात, लिस्बनला गेले. मजुरी वाढली, भात परवडेना. ज्याने शेत पडीक टाकलं त्याला बांधातून मिळणारा लाभ शून्य. त्याला फुकट प्रवासीही म्हणता येत नाही, तो गाडीतून उतरलेला आहे. त्याच वेळी सुंगटांचा भाव चढत गेला. मानशीची पावणी घेणाऱ्याने एका वर्षासाठी पैसे मोजलेले असतात आणि ते वर्षभरातच वसूल करायचे असतात. त्याला पाण्याची ये-जा जितकी जास्त तितकी बरी. मग फळ्या हव्या त्यापेक्षा जास्त वेळ उघड्या राहतात, मानशीच्या तोंडाशी पाण्याचा झोत वाढतो आणि दोन्ही बाजूंची माती खरवडली जाते. खारं पाणी पेरणीच्या तोंडावरही आत राहतं. बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही अधूनमधून होतात.

म्हणजे जी मासळी बांधाचा खर्च काढायची, तीच बांधाला खाऊ लागली. गाठ तीच, ओढ उलट्या दिशेची. हर्श्लायफरच्या बेटावर हे घडत नाही, कारण तिथे बुटका बांध कोणालाच नको असतो.

हे ओळखायचं कसं? जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावरही मानशीच्या फळ्या भरतीला बंद होत नसतील, उन्हाळ्यात शेतावर पांढरी मिठाची साय दाट असेल, भाताची टोकं करपत असतील, तर बांध फुटण्याआधीच गाठ सुटलेली आहे. शेवटची खूण म्हणजे कुणग्यात उगवलेली तिवरं. भरतीबरोबर रोपं वाहत येतात आणि काही वर्षांत झाडी होते. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मग शेतकऱ्याने मनात आणलं तरी ती जमीन सहजी परत शेतात येत नाही.

"सरकार कशाला आहे?"

सक्तीने सगळ्यांकडून घेऊन सगळ्यांसाठी खर्च करणं हे सरकारच करू शकतं, म्हणून कर लावून बांध बांधणं हे फुकट प्रवाशावरचं सरळ औषध आहे. गोव्यात सरकार बांधांवर खर्च करतंही. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूदही आहे: तिवरं राखायची, व्यवस्थापनाचा आराखडा करायचा, बांधकामं होऊ द्यायची नाहीत.

अडचण दोन जागी येते. कुर्लीचं बीळ सरकारला दिसत नाही. ते रोज बांधावरून चालणाऱ्याला दिसतं, आणि तेव्हा ते चार टोपल्यांचं काम असतं. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा होईपर्यंत त्याची खांड झालेली असते. दुसरं म्हणजे, खांड पडली की सरकार येणारच हे एकदा पक्कं झालं की बिळासाठी कोण पैसे काढणार? आता अख्खा संघच करदात्याच्या जिवावर प्रवास करायला मोकळा होतो.

त्यामुळे एखाद्या गावचा बांध कुठल्या अवस्थेत आहे हे जाणायला मी हल्ली बांधाच्या आधी संघाची वही बघायला मागतो. त्यात दोनच आकडे शोधायचे: यंदा मानशीची पावणी कितीला गेली, आणि त्यातले बांधावर किती लागले. पावणीच्या अटींत फळ्या कधी बंद हव्यात हे लिहिलंय का आणि न पाळल्यास अनामत जप्त होते का, हे तिसरं. मामाच्या संघात ही अट वहीत आहे. ज्या वर्षी आम्ही दारोदार फिरलो त्या वर्षी पावणीचा आकडा वहीत होता, बांधाच्या खर्चाचा रकाना कोरा होता, आणि अनामत बिनबोभाट परत केलेली होती.